तक्त्यातली बेचाळिसावी ओळ

मार्चमधला दुसरा शनिवार. रक्कम तीन हजार रुपये. हजर तिघे: आमचे साहेब, तंत्रज्ञ भाऊ आणि मी. जागा साहेबांची केबिन. पंखा बंद होता, कारण साहेबांच्या टेबलावर कागद फार होते.

हे आधी लिहून ठेवते, कारण पुढच्या अहवालात यातलं काहीच आलं नाही.

आमची प्रयोगशाळा कर्वेनगरच्या पुढे, शिवण्याच्या बाजूला एका औद्योगिक गाळ्यात होती. कारखान्यांतले दाब मोजायचे गेज, म्हणजे बॉयलरवर किंवा काँप्रेसरवर घड्याळासारखी तबकडी असते ते, आमच्याकडे तपासायला यायचे. गेज बरोबर दाखवतं की नाही ते पाहून आम्ही प्रमाणपत्र द्यायचो. गेजवर हात चालायचा तो भाऊंचा. वीस वर्षांहून जास्त तेच काम. माझं काम कागदाचं. मी बी.एस्सी. झालेली, हुद्दा गुणवत्ता प्रमुख. प्रत्येक प्रमाणपत्राचा नंबर, प्रत्येक उपकरणाची तारीख, प्रत्येक नियमावलीची आवृत्ती माझ्याकडे. कागदात चूक सापडली नाही असा आठवडा गेला तर मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

भाऊंच्या टेबलासमोर भिंतीवर एक कागद लटकत असे. त्यांनी स्वतः हाताने लिहिलेला. वरच्या भागात एककांची रूपांतरं: एक पीएसआय म्हणजे किती किलोपास्कल, एक किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे किती बार, पाऱ्याचा एक मिलिमीटर म्हणजे किती पास्कल. खालच्या भागात स्थिरांक: पाऱ्याची घनता, हवेची घनता, वायू स्थिरांक, असं. निळ्या शाईचं अक्षर बारीक आणि सरळ. कागद तेलकट हातांनी खराब होतो म्हणून त्यांनीच तो लॅमिनेट करून आणला होता.

त्या वर्षी आमच्या मान्यतेचं फेरमूल्यांकन होतं. आधीच्या परीक्षकाने जाता जाता भिंतीकडे बोट दाखवून लिहून ठेवलं होतं, की क्रमांक, तारीख आणि सही नसलेला हस्तलिखित कागद कामात वापरता येणार नाही. म्हणून त्या शनिवारी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"मॅडम, हा कागद टाइप करून नीट तक्ता करा. राशी, चिन्ह, किंमत, एकक. चार रकाने. खाली सह्या. आणि हिशेबाची फाइल त्या तक्त्याला जोडून टाका, म्हणजे कोणाला आकडे हाताने भरायला नकोत. कामाच्या वेळेबाहेर करावं लागेल, त्याचे तीन हजार देतो."

भाऊ म्हणाले, "कागद भिंतीवरून काढायचा नाही हं. सोमवारी माझ्याकडे अकरा गेज आहेत."

"नाही काढत," मी म्हटलं. "फोटो घेते."

"घ्या. त्याला चेहरा थोडाच आहे लाजायला."

मी तीन फोटो काढले. प्लॅस्टिकवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडत होता. थोडं डावीकडे सरकलं की पट्टाही सरकायचा, पण जायचा नाही. तीन फोटोंत मिळून सगळं दिसेल असं मी धरलं. खालचा उजवा कोपरा तिन्ही फोटोंत पांढरा आला होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला तिथे काही लिहिलेलं असेल असं वाटलं नाही.

रविवारी घरी बसले. फोटोतला मजकूर उचलून देणारं अॅप मुलीने मोबाइलवर घालून दिलं होतं. त्याने जे दिलं ते पाहून मला बरं वाटलं, कारण त्यात भरपूर चुका होत्या. १३३.३२२ चं १८३.३२२ झालं होतं. दहाच्या डोक्यावरचा उणे आठ खाली उतरून दहा वजा आठ झाला होता. केल्विनचा मोठा K आणि किलोचा छोटा k एकसारखे आले होते. किलोपास्कलमधला मोठा P एका ठिकाणी छोटा. अशा सतरा चुका मी काढल्या. प्रत्येकीसमोर पेन्सिलने टिंब केलं, की सोमवारी मूळ कागदाशी ताडून पाहायचं.

मग मी माझ्या पद्धतीने उलटतपासणी केली. नुसतं पाहून टाइप करणं मला जमत नाही. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर एक पौंडाचा भार. पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलोग्रॅम, इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, हे दोन्ही व्याख्येनेच ठरलेले. पौंडाला गुरुत्व त्वरणाने, म्हणजे g ने, गुणायचं आणि चौरस इंचाने भागायचं. g मी ९.८०६६५ घेतला. उत्तर ६८९४.७५७ पास्कल. भाऊंच्या कागदावर तेच. पाऱ्याची घनता १३५९५.१, तिला त्याच g ने गुणलं, एका मिलिमीटरला १३३.३२२ पास्कल. तेही तेच. एकेक ओळ जुळत गेली आणि त्याचा आनंद मला झाला, तो मी नाकारत नाही.

बेचाळिसावी ओळ शेवटची होती. तिथे पुन्हा g होता. किंमत ९.७८४.

वर बाराव्या ओळीत g होताच, ९.८०६६५. आता एका तक्त्यात एका चिन्हाला दोन किमती. मी ९.७८४ घेऊन पीएसआय पुन्हा काढला. ६८७९ आला. सोळा पास्कलनी कमी. किलोग्रॅम-बलाचंही जुळेना. म्हणजे भाऊंचेच आकडे भाऊंच्या या शेवटच्या ओळीला खोटं पाडत होते. मला वाटलं, कॉलेजात लंबक हलवून मुलं काढतात तशी कुठली तरी जुनी किंमत असेल, राहून गेली असेल. मी ओळ काढून टाकली. तक्ता एकेचाळीस ओळींचा झाला.

मी चुकले ते हिशेबात नाही. हिशेब आजही बरोबर आहे. सोमवारी मी मूळ कागदासमोर उभी राहिले आणि पेन्सिलच्या सतराच्या सतरा टिंबांची पडताळणी केली. जिथे शंका होती तेवढंच पाहिलं. बेचाळिसाव्या ओळीबद्दल मला शंका नव्हती.

भाऊंना विचारलं का नाही, असं पुढे माझ्या नवऱ्याने विचारलं. तो दोन दिवस तेच बोलत राहिला. विचारायला काही अडचण नव्हती. भाऊ पंधरा पावलांवर बसले होते.

तक्त्याखाली तीन चौकटी होत्या. तयार केले, तपासले, मंजूर केले. पहिलीत मी सही केली. दुसरी भाऊंची. मी कागद घेऊन गेले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांना तेल होतं.

"वाचून घ्या," मी म्हटलं.

"तुम्ही वाचलंय ना?"

"तीनदा."

"मग मी चौथ्यांदा वाचून त्यात काय दिवे लावणार. चष्मा लावला तर गेज दिसत नाही, काढला तर तुमचा तक्ता दिसत नाही." हात पुसून त्यांनी सही केली. तक्त्याच्या कोपऱ्याला त्यांच्या अंगठ्याचा डाग पडला, म्हणून मी पुन्हा छापला आणि पुन्हा सही घेतली. म्हणजे त्यांनी न वाचता दोनदा सही केली.

जुना कागद त्याच संध्याकाळी भिंतीवरून उतरला. भाऊ तो वर्तमानपत्रात गुंडाळून घरी घेऊन गेले.

दाब तपासायचं आमचं मूळ उपकरण साधं होतं. तेलाने भरलेल्या नळकांड्यात एक दट्ट्या, त्यावर वजनं ठेवायची. वजन भागिले दट्ट्याचं क्षेत्रफळ, तेवढा दाब. वजनांच्या चकत्यांवर कारखान्यानेच दहा बार, वीस बार असे आकडे कोरलेले असतात. ते कोरताना त्यांनी g ९.८०६६५ धरलेला असतो, कारण ती जगभर ठरवून घेतलेली प्रमाण किंमत आहे. पुण्यात पृथ्वीची ओढ तेवढी नाही. आपण विषुववृत्ताच्या जवळ आणि समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर. इथे तीच चकती थोडा कमी दाब देते. भाऊ म्हणून कोरलेल्या आकड्याला ०.९९७७ ने गुणायचे. ९.७८४ भागिले ९.८०६६५. हे मला आज पाठ आहे. तेव्हा मी दट्ट्याला कधी हात लावला नव्हता.

नव्या फाइलीत हा भागाकार आपोआप होत होता. तक्त्यातला g घ्यायचा, ९.८०६६५ ने भागायचं. तक्त्यात आता एकच g उरला होता. उत्तर एक यायचं. कशालाही एकने गुणलं तर तेच राहतं, आणि फाइल काही तक्रार करत नाही.

एप्रिलमध्ये भाऊंनी मला विचारलं होतं. "मॅडम, तो माझा गुणक कुठे गेला हो?"

"फाइल स्वतःच करते आता."

"करते ना नक्की? मला हल्ली सगळेच गेज थोडे कमी दाखवताना दिसतायत."

"भाऊ, आता चार दशांश स्थळं दिसतात म्हणून तसं वाटतं. आधी तुम्ही दोनच लिहायचात."

ते हसले. "असेल बुवा. म्हातारपणी गेजवर संशय घ्यायला लागलो."

हे संभाषण मी कोणालाही सांगितलं नाही. साहेबांनाही नाही.

भाऊ नोव्हेंबरमध्ये साठ पूर्ण करणार होते. त्यानंतर दोन वर्षं आठवड्यातून तीन दिवस यायचं, प्रमाणपत्रावर सही त्यांचीच, असं साहेबांनी तोंडी कबूल केलं होतं. भाऊंना याचं महत्त्व पैशापुरतं नव्हतं. खडकवासल्याच्या अलीकडचं त्यांचं गाव, शहराने गिळलेलं. भावांनी जमिनी विकून टोलेजंग घरं बांधली होती. घरात यांना किंमत होती ती "प्रमाणपत्रावर सही करतो" एवढ्यावर. तसं ते स्वतःच सांगायचे, हसत. "भाऊबंद म्हणतात, ह्याच्याकडं काय हाय? सही हाय."

ऑगस्टमध्ये तुलनेचा निकाल आला. वर्षातून एकदा एकच गेज वेगवेगळ्या प्रयोगशाळांत फिरवतात आणि सगळ्यांचे आकडे शेजारी मांडतात. शंभर बारचं, अगदी अचूक गेज होतं. आमचा निकाल असमाधानकारक. बाकीच्यांच्या मानाने वीस बारला ०.०५, चाळीसला ०.०९, साठला ०.१४, ऐंशीला ०.१८, शंभरला ०.२३ चा फरक. नेहमीचे कारखान्यातले गेज एक टक्क्यापर्यंत चालतात, त्यांच्यात हा फरक पाच महिने लपून राहिला होता. या गेजची मर्यादाच पाव टक्का. तिथे लपायला जागा नव्हती.

साहेबांनी कागद माझ्यापुढे टाकला. मी फरकाला दाबाने भागलं. प्रत्येक ठिकाणी साधारण ०.००२३. उपकरण बिघडलं तर फरक असा शिस्तीत वाढत नाही. हा आकडा मी आधी पाहिला होता. ६८९५ आणि ६८७९ यांच्यातल्या फरकाला ६८९५ ने भागलं तरी तोच येतो. माझ्या जेवणाच्या टेबलावर, रविवारी.

मी साहेबांना लगेच सांगितलं की g चुकला आहे. कसा चुकला तेही सांगितलं. ओळ मी काढली, हे सांगितलं. मी लपवलं नाही, एवढं इथे नोंदवते. त्याचा पुढे काही उपयोग झाला नाही, तेही नोंदवते.

साहेबांनी तक्त्याखालच्या चौकटींवर बोट ठेवलं. "तयार केले, तुम्ही. तपासले, भाऊ."

"हो, पण ओळ मी..."

"तयार करणाऱ्याकडून चूक होणारच, मॅडम. म्हणून तर तपासणारा ठेवतात. सुधारणेचा अहवाल तुम्हीच लिहायचा आहे. गुणवत्ता प्रमुखावरच ठपका आला तर तुम्ही सही केलेला प्रत्येक कागद उघडतील. लॅब बंद पडेल. भाऊ तसेही तीन महिन्यांनी सुटतायत."

"दोन वर्षं ठेवणार होतात."

"लिहून दिलं होतं का?"

अहवालात एक चौकट असते, मूळ कारण. मी लिहिलं: "संदर्भ तक्त्याच्या तपासणीच्या टप्प्यावर स्थानिक गुरुत्व त्वरणाची ओळ नसल्याचे लक्षात आले नाही." प्रत्येक शब्द खरा आहे. मी कधी खोटं लिहीत नाही, याबद्दल आमच्या ऑफिसात माझं नाव होतं. उपाय म्हणून लिहिलं: "तपासनिसाचे सहीचे अधिकार काढून घेण्यात येत आहेत." तसं का लिहिलं त्याची कारणं मी घरी पुष्कळ शोधली. ती इथे देत नाही, कारण त्यातलं एकही मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आवडलं नसतं.

भाऊंना साहेबांनी केबिनमध्ये सांगितलं, मीही तिथे होते. शनिवारीच. तेच तिघे.

भाऊंनी अहवाल चष्मा लावून पूर्ण वाचला. मग तक्ताही वाचला, पहिल्यांदाच. बाराव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "तक्ता छान झालाय. फक्त याच्यासाठी लॅब फ्रान्सला न्यावी लागेल. तिकडे येतो एवढा g." मग माझ्याकडे न पाहता, "दोन g का लिहिलेत, एवढं विचारलं असतं तर चहा होईपर्यंत सांगून झालं असतं. एकक बदलायचं तर जगाचा घ्यायचा. वजन ठेवायचं तर इथला घ्यायचा."

साहेब म्हणाले, "तुम्ही सही केली होतीत, भाऊ."

"केली होती. दोनदा." त्यांनी चष्मा काढला. "मॅडम कधी चुकत नाहीत, म्हणून केली."

त्यांनी भांडण केलं नाही. नोव्हेंबरपर्यंत रोज आले, वजनं पुसून पेटीत ठेवत राहिले. प्रमाणपत्रांवर सही एका नव्या मुलीची असे. पाच महिन्यांतली प्रमाणपत्रं परत मागवून नवी काढली, तेव्हा आकडे भाऊंनीच तिच्या शेजारी बसून सुधारून दिले. शेवटच्या दिवशी समोसे आणि शाल.

डिसेंबरमध्ये मी त्यांच्या घरी गेले. फेरमूल्यांकनाला स्थानिक g चा पुरावा हवा होता. ९.७८४ कुठून आला, ते फक्त त्यांना माहीत होतं. त्यांची बायको दारात धान्य निवडत होती. म्हणाली, "या. आत हायेत. आता घरीच असत्यात."

तो कागद त्यांच्या खोलीत भिंतीवर लावलेला होता. इथे ट्यूबलाइट नव्हती, खिडकीचा उजेड होता. खालच्या उजव्या कोपऱ्यात, बेचाळिसाव्या ओळीपुढे, बारीक अक्षरात लिहिलं होतं: "पुणे. फक्त वजनांसाठी. पत्र पाहा."

पत्र त्यांनी ट्रंकेतून काढलं. एका सरकारी कार्यालयाचं, पिवळं पडलेलं. ते मिळवायला ते चार वेळा रजा टाकून गेले होते. "साहेब तेव्हा म्हणाले होते, एवढ्या तिसऱ्या आकड्याची कोणाला पडलीय."

मी पत्राचा मोबाइलवर फोटो घेतला. या वेळी चारही कोपरे मोठे करून पाहिले. मग पर्समधून पाकीट काढून त्यांच्यासमोर ठेवलं. तक्त्याचे तीन हजार. मार्चअखेरीस मिळाले होते, ते मी खर्च केले नव्हते.

"हे कशाबद्दल?"

"तक्ता तुमचाच आहे."

"माझा बेचाळीस ओळींचा आहे, मॅडम. एकेचाळीसवाला तुमचा." त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "लॅमिनेशनचे वीस रुपये मी दिले होते. लॅबचा कागद म्हणून केलं होतं. ते तेवढे द्या."

माझ्याकडे पन्नासची नोट होती. सुटे त्यांच्याकडे नव्हते आणि जास्त घ्यायला ते तयार नव्हते. त्यांची बायको उठून शेजारच्या दुकानातून नोट मोडून घेऊन आली.

तक्त्याची दुसरी आवृत्ती आता वापरात आहे. बेचाळीस ओळी, दोन g, प्रत्येकाचं वेगळं चिन्ह, खाली पत्राचा उल्लेख. तयार केले, मी. तपासले, नवी मुलगी. तिला मी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली. तिने जुन्या अहवालाबद्दल विचारलं नाही, आणि मी आपणहून काढला नाही. तो फाइलीत आहे, "बंद" असा शेरा मारलेला.

तीन हजार रुपये माझ्याकडे राहिले. भाऊंना दिले ते वीस.